अतीक कुणाच्या खाली

सोलापूरच्या कोर्टासमोरच्या गल्लीत अतीकचं टायपिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि गिऱ्हाइकाला बसायला दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या एकीचा पाय मोडलेला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या अतीकनं आयुष्याची पंचवीस वर्षं इथे बसून दुसऱ्यांच्या वंशावळी टाइप करण्यात घालवली होती. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीला, वारसाच्या नोंदीला, कशालाही वंशावळ लागते, आणि मंगळवेढ्यापासून मंद्रूपपर्यंतची माणसं ती त्याच्याकडून करून घेत. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, बाप, मग अर्जदार. या बाबतीत त्याचा एक नियम होता आणि तो नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच मिनिटाला ऐकवला जाई: "एक माणूस एकाच जागी. दोन ठिकाणी नाव दिसलं की साहेब कागद परत पाठवतो." या नियमाचा त्याला बारीकसा गर्वही होता. माणसाला कशाचा तरी हवाच.

दुसऱ्यांच्या एवढ्या पिढ्या लावून दिलेल्या या माणसानं स्वतःच्या घराण्याचा कागद मात्र कधी केला नव्हता. तो उद्योग केला एजाजनं. एजाज म्हणजे त्याच्या चुलतभावाचा, इक्बालचा, मुलगा. पुण्यात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी एजाजची आजी नूरबी वारली, तेव्हापासून त्याला नाद लागला होता. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला फोन करून विचारायचं, "तुमचे अब्बा कोण? त्यांचे भाऊ किती?" आणि सगळं कुठल्याशा ॲपमध्ये भरायचं. रविवारी सकाळी त्यानं घरच्या ग्रुपवर त्याचा स्क्रीनशॉट टाकला. वर पणजोबा महबूबसाब आणि पणजी शरीफाबी, खाली फांद्या फुटत फुटत पाच पिढ्या, त्रेचाळीस चौकोन. ग्रुपवर माशाअल्लाची बरसात सुरू झाली. होटगीच्या आतेभावानं, मुनीरनं, तर फुलांचे सोळा फोटो पाठवले.

अतीक सुट्टीच्या दिवशीही दुकानात होता, कारण सोमवारी लागणारं एक प्रतिज्ञापत्र अर्धं राहिलं होतं. त्यानं चित्र उघडलं, बोटांनी मोठं केलं, स्वतःचं नाव शोधलं आणि फोन उलटा करून ठेवला. काय दिसलं ते पुढे येईलच. त्याला स्वतःलाही ते लगेच बघायचं नव्हतं.

तेवढ्यात अम्माचा फोन आला.

लालबी शहात्तर वर्षांची होती. काचबिंदूनं सहा वर्षांपूर्वी तिची नजर नेली, पण तिच्या जिभेला आणि हिशेबीपणाला काही झालं नाही. अतीकच्या मुलीनं, सबानं, तिला बोलणारा फोन लावून दिला होता. बोट ठेवलं की फोन नाव सांगतो, ओढलं की मेसेज वाचतो. घरात सगळे दखनी बोलत, पण लालबीचं माहेर मंद्रूपचं. लहानपण तिथल्या मराठी शेजारात गेलेलं, म्हणून फोनचा आवाज तिनं हट्टानं मराठी ठेवून घेतला होता. "ती बाई लई साफ बोलती," असं तिचं मत. फोनमधल्या बाईबद्दल घरातल्या कुठल्याही सुनेपेक्षा तिचं मत बरं होतं.

"अतीक, समदी वा वा करायलीत. काय टाकलाय त्या पोरानं?"

"आपलं खानदान टाकलंय अम्मा. चित्र काढून."

"माझा फोन नुसता 'फोटो' म्हंतो आन गप बसतो. फोटोत किती माणसं, कोन कुटं, काय बी सांगंना."

"संध्याकाळी येतो, वाचून दाखवतो."

"तू वाचून दावलास की तुझ्या घाईनं ऐकावं लागतं. मला माझं मी ऐकायचं हाय. एकेक नाव, थांबून थांबून. मला अक्षरात करून दे की. एवढ्या गावाची वंशावळ टाइप करतोस, आईची न्हाय करनार?"

या शेवटच्या वाक्याला उत्तर नसतं, हे जगातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. अतीकनं "करतो" म्हटलं आणि फोन ठेवला. मग मात्र आपण काय कबूल केलं ते त्याला कळलं.

कारण चित्रात त्यानं काय पाहिलं होतं? महबूबसाब आणि शरीफाबीच्या खाली तीन फांद्या होत्या. थोरला राजेसाब आणि त्याची बायको लालबी. मधली गुलशनबी आणि तिचा नवरा हुसेनसाब. धाकटा दस्तगीर आणि त्याची बायको नूरबी. दस्तगीर-नूरबीच्या खाली ठळक रेघेनं चार चौकोन लोंबत होते: इक्बाल, जैबुन, अतीक, रशीद. आणि राजेसाब-लालबीच्या खाली काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते फोनवर डोळा बारीक केल्याशिवाय दिसत नव्हतं. अतीकच्या चौकोनापासून एक फिकट तुटक रेघ वळण घेत लालबीपर्यंत गेली होती. एजाजनं इमानानं काढली असणार. ग्रुपवर येता येता चित्र दाबलं गेलं आणि तिचे ठिपके धुऊन निघाले.

गोष्ट घरात कुणापासून लपलेली नव्हती. राजेसाब-लालबीला मूल झालं नाही. नूरबीला तिसरं मूल मुलगा झाला, चाळीस दिवसांचा झाला, न्हाऊन-माखून झालं, आणि दस्तगीर-नूरबीनं तो थोरल्या भावाच्या घरी आणून लालबीच्या मांडीवर ठेवला. वाडा तोच, आंगण तेच, फक्त उंबरा बदलला. तेव्हापासून लालबी अम्मा, राजेसाब अब्बा, आणि ज्यांनी जन्म दिला ते चाचा-चाची. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी लालबीसमोर बोलत नव्हतं. अतीकही नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत त्या दोघांमध्ये या विषयावर एक वाक्य झालं नव्हतं. प्रेम कमी होतं म्हणून नाही, फार होतं म्हणून.

एकदाच काय ते टोचलं होतं. नूरबीच्या दफनाला. कबरीत उतरायला मुलगे पुढे झाले, इक्बाल आणि रशीद, आणि अतीक रीतीप्रमाणे पुतण्यासारखा मागे उभा राहिला. तेव्हा इक्बालनं मागे वळून सगळ्यांदेखत म्हटलं, "अतीक, तू उतर." तो उतरला. चाचीला त्यानं स्वतःच्या हातांनी खाली घेतलं. घरी येताना मात्र त्याला धास्ती पडली, की हे अम्माच्या कानावर जाणार आणि तिला वाटणार, शेवटी रक्त ते रक्त. अम्मानं त्या दिवशी त्याला फक्त विचारलं, जेवलास का. तेवढ्यावर विषय संपला, पण अतीकच्या मनातून तो काही गेला नाही.

आणि आता त्याच घराण्याचं अक्षरात रूपांतर करायचं होतं, जे लालबी एकटी बसून, थांबून थांबून ऐकणार होती.

दुपारी सबा डबा घेऊन दुकानात आली. सबा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि बापाच्या कामात नाक खुपसणं हा तिचा आवडता छंद होता. तिला सगळं कळल्यावर ती म्हणाली, "अब्बा, यात काय? फोनमध्येच फोटोतली अक्षरं काढायची सोय असते." तिनं चित्रावर बोट दाबून धरलं, अक्षरं उचलली आणि अतीक हां-हूं करेपर्यंत दादीला पाठवूनही दिली.

पाच मिनिटांत लालबीचा फोन. आवाज स्पीकरवर.

"ही काय शाळेची हजेरी हाय व्हय गं? महबूबसाब शरीफाबी राजेसाब लालबी गुलशनबी हुसेनसाब... समद्यांना एका वळीत उभं केलीस. कोन कुनाचं लेकरू ते कसं कळावं? मी त्या मुनीरच्या आन इक्बालच्या मधी उभी हाय का काय?"

सबानं जीभ चावली. झालं होतं असं, की फोननं अक्षरं वाचली ती डावीकडून उजवीकडे, एकेक रांग. वरच्या रांगेतले सगळे, मग खालच्या रांगेतले सगळे. पिढी बरोबर आली, पण रेघा आल्या नाहीत. आणि घराण्यात माणसं काय कमी असतात, जोडणाऱ्या रेघाच महत्त्वाच्या. अतीकनं हेच तिला दुकानदारी थाटात समजावलं: "चित्रात माणूस बाजूला बसतो. कागदावर तो आत सरकतो. आधी बाप, त्याच्या खाली त्याचं पोर एक पायरी आत, त्याच्या खाली नातवंडं आणखी एक पायरी आत. एक फांदी पार शेवटच्या पानापर्यंत संपवायची, मगच वर येऊन दुसरी घ्यायची. रांगेनं जायचं नाही, फांदीनं जायचं."

"मग एआयला सांगू. तो फांदीनं लावून देईल."

तिनं चित्र एका ॲपला दिलं. मिनिटभरात सुबक यादी आली, पायऱ्या पाडलेली. अतीक चष्मा लावून वाचू लागला. पहिल्या झटक्यात बरी वाटली. मग कळलं की गुलशनबीच्या मुनीरला त्यानं दस्तगीरच्या पोटी घातला होता, कारण चित्रात मुनीरचा चौकोन थोडा उजवीकडे सरकला होता. आणि दुसरी ओळ अशी होती:

राजेसाब, पत्नी लालबी (अपत्य नाही)

"ए," अतीक म्हणाला. एवढंच. सबानं वाकून ओळ वाचली आणि तिचं पाठवायला निघालेलं बोट हवेतच राहिलं.

"अब्बा, त्याला ती तुटक रेघ दिसलीच नसेल."

"त्याची चूक नाही. मलाच दिसत नाही धड."

पण ते दोन शब्द अतीकनं पुन्हा वाचले. त्याच्या डोळ्यासमोर आलं, अम्मा खाटेवर बसलीय, फोन कानाशी, आणि ती साफ बोलणारी बाई, जिचं मत अम्माला सगळ्यांपेक्षा प्यारं, अगदी सरळ आवाजात म्हणतेय, अपत्य नाही. शेजारपाजारच्या बायकांनी जे तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही ते.

"पुस ते," तो म्हणाला. "मी हातानं करतो."

त्यानं प्रतिज्ञापत्र बाजूला सारलं, एजाजकडून मूळ चित्र ईमेलनं मागवून घेतलं, मोठ्या पडद्यावर उघडलं आणि बसला. मूळ चित्रात तुटक रेघ स्वच्छ दिसत होती, अगदी टाके घातल्यासारखी. बाजूला सबा नावं वाचत गेली, तो टाइप करत गेला. प्रत्येक नावावर बोट ठेवून रेघ वर कुठे जाते ते बघायचं, मगच जागा द्यायची. झालेल्या चौकोनावर सबा प्रिंटवर पेन्सिलनं खूण करी, म्हणजे कुणी सुटायला नको. एका ठिकाणी गाडी अडली. गुलशनबीची मुलगी शमीम दस्तगीरच्या इक्बालला दिली होती, आत्याची मुलगी मामाच्या घरात. म्हणजे शमीम गुलशनबीची लेक म्हणूनही येत होती आणि इक्बालची बायको म्हणूनही. चित्रात एक रेघ आडवी मारली की भागलं. पायऱ्यांच्या यादीत काय करायचं?

"दोनदा लिहू," सबा म्हणाली.

"एक माणूस एकाच जागी," अतीक सवयीनं म्हणाला.

"अब्बा, हे कोर्टात द्यायचं नाहीये. दादीला द्यायचंय. शमीमचाचीला गुलशनफुफूच्या खालून काढलं तर दादी मला आणि तुम्हाला दोघांना उलटं टांगेल."

हे पटण्यासारखं होतं. त्यानं गुलशनबीच्या खाली लिहिलं, 'शमीम, पती इक्बाल, पुढे दस्तगीरच्या शाखेत'. आणि इक्बालच्या ओळीत लिहिलं, 'पत्नी शमीम, वर गुलशनबीच्या शाखेत आली आहे'. लिहिताना त्याला पंचवीस वर्षांचा नियम मोडल्याचं खरोखर वाईट वाटलं. तिची मुलं मात्र एकाच ठिकाणी, इक्बालच्या खाली लावली, नाहीतर एजाज दोनदा जन्मला असता.

आणखी एक भानगड सबानंच पकडली. तिनं अर्धी यादी स्वतःच्या फोनवर घेतली, बोलणारं सेटिंग चालू केलं आणि ऐकलं. फोन नावं वाचत होता, पण आतली पायरी कुठेच ऐकू येत नव्हती. मोकळी जागा डोळ्याला दिसते, कानाला नाही. फोन ती गिळून टाकत होता. महबूबसाब आणि त्याचा पणतू एकाच सुरात.

मग त्यांनी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आकडा घातला. पिढी एक, महबूबसाब, पत्नी शरीफाबी. पिढी दोन, राजेसाब, पत्नी लालबी. डोळसांसाठी पायऱ्या, अम्मासाठी आकडे. आकडा वाढला की आत गेलो, कमी झाला की परत वर आलो. अतीकला हे फारच आवडलं. दुकानात वंशावळीला येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठीही अशीच पद्धत सुरू करावी असं त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं.

आणि मग उरला एक चौकोन, आणि त्याला जोडलेले दोन.

सबानं प्रिंट पुढे धरली. चाळीस खुणा झाल्या होत्या. तीन कोरे होते, आणि पहिलं नाव कोण वाचणार याची दोघं वाट बघत बसले. बाहेर रस्त्यावर एसटीनं हॉर्न दिला.

"तुमचं?" सबा शेवटी म्हणाली.

अतीकनं फार विचार केला असं म्हणता येणार नाही. विचार त्यानं अठ्ठेचाळीस वर्षं करून ठेवला होता. त्यानं कर्सर वर नेला, राजेसाब-लालबीच्या ओळीखाली ठेवला आणि लिहिलं: पिढी तीन, अतीक, पत्नी राहत. त्याखाली, पिढी चार, सबा. दस्तगीर-नूरबीच्या खाली इक्बाल, जैबुन, रशीद. तीन.

 प्रिंटवर शेवटच्या तीन खुणा सबानं जरा हळूच केल्या.

"एक माणूस एकाच जागी," अतीक म्हणाला. या वेळी तो नियम फारच सोयीचा होता.

संध्याकाळी दोघं घरी गेले. लालबी पलंगावर पाय पसरून बसली होती, शेजारी राहत मटार सोलत होती. सबानं मेसेज पाठवला आणि दादीला नवी युक्ती शिकवली. बोट खाली ओढलं की पुढची ओळ, वर ओढलं की मागची. लालबीनं दोनदा करून बघितलं आणि मग सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं, जसं काही ती मंद्रूपच्या जत्रेतली तमाशाची बारी ऐकणार होती.

फोनमधली बाई बोलू लागली. "पिढी एक, महबूबसाब, पत्नी शरीफाबी."

"सासूबाई," लालबी खुशीत म्हणाली. "जन्मभर माझ्या भाकरीला नावं ठिवली त्या बाईनं. वर बसली बग पैल्या नंबराला."

"पिढी दोन, राजेसाब, पत्नी लालबी."

लालबीनं पदर सारखा केला. फोटो काढताना करतात तसा. मग बोट ओढलं.

"पिढी तीन, अतीक, पत्नी राहत."

अतीक तिच्या तोंडाकडे बघत होता. तिचं बोट काचेवर थांबलं. ती हसली, अगदी दात नसलेल्या हिरड्या दिसेपर्यंत, आणि बोट वर ओढून ती ओळ पुन्हा ऐकली. अतीकचा जीव भांड्यात पडला. त्याला वाटलं, झालं, जमलं, आता पुढचं कितीही चुकलं तरी चालेल.

लालबी ऐकत पुढे गेली. गुलशनबीच्या शाखेत रेंगाळली, शमीम आल्यावर "पुढे दस्तगीरच्या शाखेत, बराबर" असं पुटपुटली. दस्तगीर आला. नूरबी आली. नूरबीच्या नावाला तिनं थांबून "अल्ला जन्नत देवो" म्हटलं. मग इक्बाल आणि वर आलेली शमीम, त्यांची मुलं, एजाज, त्याची छोटी. जैबुन, तिची तीन. रशीद, त्याची दोन. यादी संपली.

तिनं बोट उलटं ओढायला सुरुवात केली. वर, वर, वर. नूरबीपर्यंत. मग पुन्हा खाली. दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून दुमडत होती.

"अतीक."

"काय अम्मा?"

"नूरबीची लेकरं किती?"

मटार सोलणाऱ्या राहतचा हात थांबला. 

"तीन आली," लालबी म्हणाली. "मी दोनदा मोजली. इक्बाल, जैबुन, रशीद. नूरबीला चार झाली व्हती. मी तिच्या चारी बाळंतपनात हुते. चारी येळेला मी शेकशेगडी केली. एक कुटं गेलं?"

"अम्मा, ते..." अतीक म्हणाला. "ते तुझ्याकडे आलं ना. वर आहे की. एक माणूस एकाच जागी लिहायचा असतो."

"शमीमला दोन जागी लिवलास की."

सबानं खाली मान घातली, आणि ती हसतेय की रडतेय ते तिचं तिला ठाऊक.

"शमीमचं वेगळं," अतीक म्हणाला.

"काय येगळं? ती एका घरची लेक आन दुसऱ्या घरची सून. तू एका पोटचा आन दुसऱ्या मांडीवरचा. तिला दोन वळी आन तुला एकच व्हय?" लालबीनं फोन मांडीवर ठेवला. "मला वाईट वाटंल म्हनून केलास न्हवं?"

अतीक तिच्याजवळ पलंगाच्या कडेवर बसला. "व्हय," तो म्हणाला. सोलापूरच्या कोर्टासमोर पंचवीस वर्षं शुद्ध भाषेत प्रतिज्ञापत्रं टाइप केलेला माणूस, पण आईशी खरं बोलताना त्याच्या तोंडी हेच आलं.

"येडा हाईस," लालबी म्हणाली, आणि हात पुढे करून चाचपडत त्याच्या डोक्यावर ठेवला. "त्या दिवशी नूरबी तुला घिऊन आली, तवा तिच्या पदराला दूध लागलं हुतं. वलं. ती मला म्हनली, भाभी, याला भूक लागली की हात चोखतो, रडत न्हाय, बघत जावा. एवढं सांगितलं आन गेली. पाठीमागं वळली न्हाय. वळली असती तर मी परत दिला असता. ते तिला बी ठावं हुतं, म्हनून वळली न्हाय." तिनं डोळ्यांच्या कडा पदरानं टिपल्या. डोळे आंधळे झाले म्हणून पाणी थोडंच थांबतं. "तू माझं घेतलेलं लिवलास बाबा. तिनं दिलेलं खोडून टाकलास. असं कसं चालंल?"

राहतनं मटारचं ताट बाजूला सारलं. 

"आन त्या दिवशी कबरस्तानात," लालबी पुढे म्हणाली, "तुला खाली कुनी उतरवलं?"

"इक्बालनं."

"इक्बालला कुनी सांगितलं?"

अतीकनं मान वर केली.

"मी," ती म्हणाली. "सकाळीच बोलावून सांगितलं, की अतीक मागं हुबा ऱ्हाईल, त्याचा सुभावच तसा, त्याला हाक मार. तिनं चाळीस दिवसांचा माझ्या हातात दिला. तिला मातीत ठेवायला त्याचे हात नकोत?"

दोन वर्षं ज्या गोष्टीसाठी तो आईपुढे अपराध्यासारखा वावरला, ती तिनंच त्याला देऊन ठेवली होती. अतीकनं तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते येऊ दिलं. राहत उठून पाणी आणायला गेली.

"आता रडू नगंस," लालबी म्हणाली. "कॉम्प्युटर उगड."

"घरात कॉम्प्युटर कुठंय अम्मा? फोनवर करतो."

त्यानं फोन काढला. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. टाइपिंगच्या धंद्यात त्यानं अनेक मजकूर लिहून घेतले होते, पण इतक्या सावकाश कधी नाही.

"माझ्या खाली काय हाय तसंच ठेव. नुसतं अतीक. पुडं काय जोडू नगंस. आन नूरबीच्या खाली, जैबुनच्या नंतर, रशीदच्या आधी, तुजा नंबर तिसरा. तितं लिव, पिढी तीन, अतीक."

"पुढे काय लिहू? दत्तक?"

"ते कोर्टाचं झालं. लिव, लालबीला दिला."

"लालबीला दिला," अतीकनं लिहिलं. "आणि वर राजेसाबच्या शाखेत आला आहे, असंही?"

"ते तुज्या हिशेबाचं. लिव पायजे तर. सबाला मातर दोनदा घालू नगंस, पोरीचं लगीन व्हायचंय."

सबा आता उघडपणे हसत होती आणि डोळे पुसत होती. शेवटी अतीकनं खाली एक ओळ घातली, धंद्याची सवय म्हणून. एकूण माणसं त्रेचाळीस. शमीम आणि अतीक प्रत्येकी दोन ठिकाणी आहेत. मग त्यानं ते अम्माला पाठवलं आणि ग्रुपवरही टाकलं. एजाजचं उत्तर लगेच आलं, की चाचा, तुटक रेघेचं काय करायचं ते मला कळत नव्हतं, तुम्ही बरोबर लिहिलंत.

लालबीनं फोन उचलला. पहिल्या ओळीपासून सुरुवात न करता सबाला विचारून थेट दस्तगीरच्या शाखेवर आली. एकेक ओळ खाली ओढत गेली. इक्बाल. जैबुन.

"पिढी तीन, अतीक, लालबीला दिला. वर राजेसाबच्या शाखेत आला आहे," फोनमधली बाई म्हणाली.

लालबीनं एक बोट दुमडलं. मग खाली ओढलं, रशीद ऐकला, दुमडलेली चारही बोटं दुसऱ्या हातानं चाचपून बघितली.

"आता चार झाली," ती म्हणाली. "राहत, मटार किती वेळ सोलायलीस? अतीकला भूक लागली असंल. तो सांगत न्हाय, बघावं लागतं."